आधी खोलीचा आवाज मोजा, मग हेडफोन निवडा

प्रश्न : मी कासारवडवलीला राहते आणि घरून मराठी ऑडिओबुकचं प्रूफ-लिसनिंग करते. रोज सहा-सात तास, आठवड्यातून सहा दिवस. आधी कानात घालायचे इअरफोन वापरले, तर कान आतून दुखायला लागले. मग मोठे ओव्हर-इअर घेतले, तर दुपारपर्यंत कान तापतात आणि संध्याकाळी डोकं जड होतं. आता ओपन-बॅक घे म्हणतात. पण खोली रस्त्याकडेला आहे आणि पंखा सतत चालू असतो. दिवसभर ऐकायला यातलं नक्की काय बरं?

उत्तर :

खिडकी लावून आणि पंखा कमी करून तुमची खोली शांत होत असेल, तर डोळे झाकून उघड्या पाठीचे म्हणजे ओपन-बॅक घ्या. खोली काही केल्या शांत होत नसेल, तर बंद पाठीचे म्हणजे क्लोज्ड ओव्हर-इअर ठेवा, पण कापडी गाद्यांचे आणि डोक्याला हलके दाबणारे. इन-इअर रोजच्या सात तासांसाठी घेऊ नका, ते लोकलपुरते राहू द्या. हा क्रम मी का लावतो ते नीट सांगतो, कारण नुसतं मॉडेलचं नाव सांगून तुमचं दुखणं थांबणार नाही.

मी गेली 19 वर्षं नौपाड्यात संवाद-संपादनाचं काम करतो. मालिका, माहितीपट आणि अलीकडे बरंचसं ऑडिओबुक. म्हणजे तुमच्यासारखंच, माणसाचा आवाज तासन्‌तास कानाला लावून बसायचं. या कामात कान तीन वेगवेगळ्या कारणांनी थकतात आणि आपण तिन्हींना एकच नाव देतो, ‘हेडफोनने त्रास होतो’. तुमच्या प्रश्नात ती तिन्ही कारणं आलेली आहेत. कानाच्या आत दुखणं हा इन-इअरचा त्रास. कान तापणं हा बंद ओव्हर-इअरचा. आणि संध्याकाळी डोकं जड होणं हे बहुतेक वेळा हेडफोनच्या आकाराचं काम नसतं, आवाज मोठा ठेवून ऐकल्याचं असतं. पहिले दोन त्रास हेडफोन बदलून जातात. तिसरा मात्र नवा हेडफोन घेतला तरी सोबत येतो, म्हणून खरी काळजी त्याची करायची.

आधी इन-इअर. रबरी टोक कानाच्या नळीत घट्ट बसतं, तेव्हाच त्याचा खालचा स्वर म्हणजे बास नीट ऐकू येतो. घट्ट बसणं हाच त्याचा गुण आणि तोच त्याचा दोष. नळीची कातडी फार पातळ असते, तिच्यावर सात तास सतत दाब राहतो. कानातला मळ एरवी आपोआप हळूहळू बाहेर सरकत असतो, तो टोकामागे अडतो. आणि नळी बंद झाल्यामुळे आत ओल साचते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच दमट, त्यात ही बंद नळी.

मला याचा धडा एका जुलैमध्ये मिळाला. कामाची घाई होती, तीन आठवडे रोज आठ-नऊ तास फोमची टोकं लावून बसलो. पहिल्यांदा नुसती खाज आली. मी टोकं काढून करंगळीने खाजवायचो आणि परत लावायचो. मग उजवा कान भरल्यासारखा झाला, त्या बाजूचा आवाज कमी यायला लागला. मला वाटलं इअरफोनची जाळी मळाने बुजली असेल. तसं होतंही, एका बाजूचा आवाज हळूहळू बसला तर आधी जाळीच बघायची असते. म्हणून डावा-उजवा अदलाबदल करून पाहिलं, तर कमी ऐकू येणं उजव्या कानालाच राहिलं. म्हणजे इअरफोन ठीक होता, कान बिघडला होता. पाचपाखाडीतल्या कानाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाले, बुरशी आहे. त्यांनी कान साफ केला, थेंब दिले आणि नळीत काहीही घालायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. फोमची टोकं घाम शोषतात आणि धुऊन पटकन वाळत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. तुम्हाला आत दुखतं तिथे खाज किंवा कान भरल्याची भावनाही असेल, तर कोणताही हेडफोन घेण्याआधी एकदा कान दाखवून घ्या.

इन-इअरची आणखी एक गोष्ट तुमच्या कामाला आडवी येते. नळी बंद असली की स्वतःच्या शरीराचे आवाज आत घुमतात. घोट घेतला, जबडा हलवला, वायर शर्टाला घासली, सगळं धाडधाड ऐकू येतं. एरवी हाडांतून नळीत आलेला खालचा आवाज कानाच्या तोंडातून बाहेर निघून जातो, टोक लावल्यावर त्याला वाट राहत नाही. तुम्ही वाचकाच्या तोंडचे चटचट आवाज शोधत बसलेल्या आणि त्यात स्वतःच्या जबड्याचे मिसळलेले, याने मन लवकर थकतं.

बंद ओव्हर-इअरचा त्रास समजायला सोपा आहे. कानाभोवती दोन बंद डबे आणि गाद्यांवर कृत्रिम कातडं. आतली हवा हलत नाही, कानाची ऊब बाहेर जात नाही. गादी कापडी, म्हणजे वेलोरची असेल तर बराच फरक पडतो. पण सगळ्या हेडफोनना कापडी गादी लावून चालत नाही. ज्याचा आवाज कातड्याच्या गादीवर जुळवलेला आहे, त्याला कापड लावलं की गादीतून हवा गळते आणि बास पातळ होतो. बायरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा मुळातच वेलोरच्या गादीवर जुळवलेला बंद हेडफोन आहे, म्हणून स्टुडिओत तो इतका दिसतो. कृत्रिम कातड्याचं आपल्याकडे आणखी एक दुखणं असतं. हवेतल्या ओलाव्याने त्यातलं पॉलियुरेथेन फुटत जातं आणि काळे पापुद्रे कानाला, केसांना चिकटायला लागतात. हेडफोन वापरला नाही, नुसता कपाटात ठेवला तरी हे होतं. पापुद्रे दिसले की गादी बदलायची. चिकटवून, पुसून काही होत नाही.

आता दाब. तुम्ही चष्मा लावत असाल तर एक करून बघा. हेडफोन लावून कुणाचा तरी जाड, खालचा आवाज ऐका आणि चष्म्याची दांडी गादीखालून एक क्षण उचलून धरा. आवाजातला भरीवपणा त्या क्षणी बदलला, तर फट पडत होती असं समजा. फट पडली की आपण नकळत आवाज वाढवतो. शिवाय दांडी आणि गादी यांच्यामध्ये कानामागची कातडी चेपली जाते ती वेगळीच. दुसरी तपासणी, हेडफोन लावून डबा बोटाने हलकेच आत दाबा. कानाच्या वरच्या कडेला आतली जाळी टेकली तर डबा तुमच्या कानाला उथळ आहे. पहिल्या तासात ते कळत नाही. तिसऱ्या तासाला तो एक बिंदू ठणकायला लागतो आणि माणूस म्हणतो, डोकं दुखतंय.

ओपन-बॅकमध्ये डब्याची पाठच उघडी असते, तिथे नुसती जाळी. हेडफोनच्या आवाज काढणाऱ्या पडद्याच्या मागची हवा मोकळी, त्यामुळे आवाज डब्याच्या भिंतीवर आपटून परत कानात येत नाही आणि ऊबही अडकत नाही. कल्पना जुनी आहे, सेनहायजरने एचडी 414 हा उघडा हेडफोन 1968 मध्ये बाजारात आणला होता. ऐकायला फरक असा की आवाज डोक्याच्या मध्यभागी कोंबल्यासारखा वाटत नाही, जरासा बाहेर, मोकळा वाटतो. एकच माणूस सात तास कथा वाचून दाखवतोय, तेव्हा हा मोकळेपणा म्हणजे चैन नाही. माझ्या अनुभवात चौथ्या तासानंतर चुका सुटायचं प्रमाण यानेच कमी होतं. आणि सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, दाराची बेल वाजली, कुकरची शिटी झाली, सगळं ऐकू येतं. बंद हेडफोनमध्ये ‘कुणी हाक मारली का’ म्हणून दर पाच मिनिटांनी एक कान उघडायचा, ती दगदग संपते.

पण जी हाक ऐकू येते, त्याच वाटेने रस्ताही ऐकू येतो. ओपन-बॅक बाहेरचा आवाज जवळजवळ अडवतच नाही. तुमचा खरा प्रश्न इथे आहे, म्हणून यावर थोडा वेळ घेतो.

तुम्ही कथा कुठल्या जोरावर ऐकता ते तुम्ही ठरवत नाही, खोली ठरवते. बोलणं आरामात समजायला ते आसपासच्या आवाजापेक्षा साधारण 15 डेसिबल तरी वर असावं लागतं. प्रूफ ऐकताना नुसतं समजून भागत नाही. ‘चार’ मधला च आणि ‘चारा’ मधला च वेगळा आहे ना, हे तुम्हाला पकडायचं असतं. वाचकाने जनावराच्या चाऱ्याला चार आण्यातला च लावला, तर ती चूक तुमच्या कानाखालून जाता कामा नये. हा फरक आवाजाच्या वरच्या पट्टीतल्या सूं-स्स अशा घर्षणात असतो, आणि पंख्याच्या वाऱ्याची सळसळ नेमकी तिथेच पसरलेली असते. म्हणून कान 20 डेसिबलचं अंतर मागतो आणि बोट आवाजाच्या बटणाकडे जातं. खोली 45 डेसिबलची असेल तर तुम्ही 65 वर ऐकाल. 62 ची असेल तर 82 वर. हेडफोन तोच, कान तोच.

हे 82 किती मोठे? प्रौढांनी आठवड्याला 80 डेसिबल 40 तास, याच्या वर जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यापुढे दर 3 डेसिबलला तास निम्मे होतात, कारण 3 डेसिबल वाढले म्हणजे कानात जाणारी ऊर्जा दुप्पट झाली. 83 ला 20 तास, 86 ला 10 तास. आठवड्याला 40 तासांच्या आसपास ऐकणाऱ्या आपल्यासारख्यांना म्हणूनच 80 च्या बऱ्याच खाली राहावं लागतं. गाणी तासभर ऐकणाऱ्याला जी मुभा आहे ती आपल्याला नाही.

एक उदाहरण सांगतो. आमच्यासाठी ऐरोलीहून एक मुलगी प्रूफ ऐकते. घर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला. तिला संध्याकाळी कानात बारीक सूं असा आवाज यायचा आणि सकाळपर्यंत जायचा. ती कानाच्या तोंडाशी नुसते अडकवायचे ते प्लॅस्टिकचे इअरफोन वापरायची. नळी बंद होत नाही म्हणून ते कानाला सौम्य, अशी तिची समजूत. मी तिला म्हटलं, घरी ज्या खुणेवर आवाज ठेवतेस ती लिहून घे आणि लॅपटॉप, इअरफोन घेऊन ये. लॅपटॉपच्या पट्टीवर ती 78 वर ठेवायची.

स्टुडिओत तेच प्रकरण आम्ही एकदा तिच्या इअरफोनवर, एकदा स्पीकरवर असं आलटून पालटून लावलं. इअरफोनवर खूण 78 वरच ठेवली, आणि स्पीकरचा आवाज वाढवत नेला, ती ‘आता दोन्ही सारखे’ म्हणेपर्यंत. मग तिच्या डोक्याच्या जागी मीटर धरला. काटा 81 आणि 82 च्या मध्ये. स्पीकरवर तो आवाज ऐकून ती स्वतःच मागे सरकली होती. शांत खोलीत तो वाचक चक्क ओरडत होता. घरच्या खोलीत तिला ते कधी जाणवलंच नव्हतं, कारण तिथे रस्ताही ओरडत होता.

हिशेब सरळ आहे. 82 डेसिबलला आठवड्याचे साधारण 25 तास बसतात. ती 36 तास ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तिने घरी मोजलं. खिडकी उघडी आणि पंखा पाचवर, 62. खिडकी लावून पंखा पाचवरच, 53. खिडकी लावून पंखा दोनवर, 45. सरकत्या खिडकीच्या फटीत रबराची पट्टी बसवल्यावर आणखी दोन कमी झाले. म्हणजे हेडफोनवर एक पैसा खर्च न करता खोली 62 वरून 43 वर आली. त्यानंतर तिने ओपन-बॅक घेतला. पुन्हा स्टुडिओत येऊन तशीच जुळवणी केली, तर ती आता 64 च्या आसपास ऐकत होती. संध्याकाळचं सूं दोन आठवड्यांत थांबलं. तिने खोली न बदलता नुसता ओपन-बॅक घेतला असता, तर तो बाहेरचं काहीच अडवत नसल्याने ती पुन्हा 82 वरच गेली असती, आणि म्हणाली असती की एवढा महागडा हेडफोन घेऊन उपयोग झाला नाही.

आता हेच तुमच्या घरी कसं करायचं ते सांगतो. आयफोन असेल तर NIOSH SLM हे फुकट ॲप घ्या, ते अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेचं आहे. अँड्रॉइडवर कुठलंही मोजमाप ॲप चालेल. त्याचा आकडा काही डेसिबलने चुकीचा असू शकतो, पण त्याच फोनवर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक कामापुरता भरवशाचा असतो. तुमचं डोकं जिथे असतं तिथे फोन धरा, माइकवर पंख्याचा वारा थेट लागू देऊ नका आणि एक मिनिटाची सरासरी घ्या. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, खिडकी उघडी आणि बंद. सहा आकडे कागदावर लिहा.

ऐकण्याचा जोर मोजायला दुसरी युक्ती. खोली सर्वात शांत असेल तेव्हा घरातल्या कुणाला तरी एक मीटरवर बसवून नेहमीच्या आवाजात पुस्तक वाचायला सांगा. समोरासमोरचं बोलणं साधारण 60 डेसिबलच्या आसपास असतं. मग हेडफोन लावून तुमच्या नेहमीच्या खुणेवर कथा ऐका. दोनदा-तीनदा आलटून पालटून बघा. कथा समोरच्या माणसाइतकीच किंवा थोडी वर वाटली तर तुम्ही ठीक आहात. ‘अरे, हा तर किती ओरडतोय’ असं वाटलं, तर संध्याकाळी डोकं जड का होतं त्याचं उत्तर मिळालं.

खोली बंद करून, पंखा कमी करून 48 च्या खाली येत असेल तर ओपन-बॅकवर तुम्ही 70 च्या आत राहाल, ते दिवसभरासाठी उत्तम. 55 च्या वरच राहत असेल तर ओपन-बॅकचा हट्ट धरू नका. मधल्या आकड्यांत दोन्ही चालतं, तिथे तुम्हाला उकाडा जास्त सोसतो की आवाज, ते तुम्ही ठरवा.

पंख्याबद्दल एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. ओपन-बॅकच्या जाळीवर वारा थेट आला की आत घुरघुर ऐकू येते, मीटरवर खोली शांत दिसत असली तरी. छताच्या पंख्याच्या अगदी खाली बसू नका, टेबल भिंतीकडे सरकवा. टेबल-फॅन असेल तर तो पायांकडे रोखा. एसी असेल तर हळू वाऱ्यावरचा एसी हा पंख्यापेक्षा कितीतरी शांत पडतो, आणि खिडकी बंद ठेवणं तरच मे महिन्यात जमतं.

घोडबंदर रोडवर सगळे तास सारखे नसतात. सकाळच्या गर्दीत ट्रक आणि बसची घरघर, दिवसा कुठे ना कुठे बांधकामाचं ड्रिल, आणि पावसाळ्यात खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस पडायला लागला की खोलीचा सगळा हिशेबच बदलतो. म्हणून माझा सल्ला असा की हातातला ओव्हर-इअर विकू नका. मुख्य काम ओपन-बॅकवर करा, आणि ड्रिल सुरू झालं की त्या दीड-दोन तासांपुरता बंद हेडफोन लावा. बदलण्याने आणखी एक फायदा होतो. दोन हेडफोनचा दाब डोक्यावर वेगवेगळ्या जागी पडतो, त्यामुळे एकच बिंदू दिवसभर चेपला जात नाही.

बाहेरचा आवाज इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कापणाऱ्या हेडफोनचं कुणी सुचवेल. पंख्याची, इंजिनाची एकसुरी खालची घरघर ते छान कापतात. शेजारच्या गप्पा, हॉर्न, ड्रिलचा कर्कश भाग यावर त्यांचा जोर कमी पडतो. काहींना ते चालू केल्यावर कानात दडा बसल्यासारखं वाटतं. आणि स्वतःची एक बारीक सळसळ ते आवाजात मिसळतात, त्यामुळे रेकॉर्डिंगमधली सळसळ खरी की हेडफोनची हे ठरवता येत नाही. पहिलं नुसतं मजकूर तपासणारं ऐकणं त्यावर करा, शेवटचं ऐकणं नको.

ओपन-बॅक घेताना वजन आणि गादी आधी बघा, बाकी नंतर. सेनहायजरचा एचडी 560एस सुमारे 240 ग्रॅमचा आहे, एचडी 600 सुमारे 260 ग्रॅमचा, दोन्हींना कापडी गादी. बोलण्यासाठी मला एचडी 600 सर्वात नैसर्गिक वाटतो, 1997 पासून चालत आलेला आहे आणि त्याच्या गाद्या आजही मिळतात. नवा असताना तो डोक्याला घट्ट दाबतो हे मात्र खरं. बायरडायनॅमिकचा डीटी 990 प्रो अंगाला फार आरामशीर, पण त्याचा वरचा स्वर टोकदार आहे. स, श, च अशी अक्षरं त्यावर टोचतात. तासाभराच्या संगीताला तो मजा देतो, सात तासांच्या वाचनाला मी तो देणार नाही. दुकानात ऐकायची संधी मिळाली तर गाणं लावून बघू नका. तुमच्याच कामातली एक फाइल न्या, शक्यतो तीक्ष्ण स असलेल्या वाचिकेची, आणि वीस मिनिटं लावून बसा. पाच मिनिटांत सगळेच हेडफोन आरामशीर वाटतात.

एचडी 600 वर 300 ओहम, म्हणजे जास्त विद्युतरोध, लिहिलेलं बघून लोक लगेच वेगळा ॲम्प्लिफायर घ्यायला निघतात. तुम्ही 65-70 डेसिबलवर बोलणं ऐकणार आहात. तेवढ्याला लॅपटॉपचं साधं हेडफोनचं भोक पुरतं. पट्टी थोडी वर न्यावी लागेल, एवढंच. ते पैसे खिडकीच्या रबरपट्टीला आणि गाद्यांच्या जादा जोडीला वापरा.

उघड्या हेडफोनमधून आवाज बाहेरही जातो, हे घरातल्यांना आधी सांगून ठेवा. 65 डेसिबलवर शेजारी बसलेल्याला बारीक कुजबुज ऐकू येईल, दाराबाहेर काही नाही. त्याच खोलीत कुणाची ऑफिसची मीटिंग चालत असेल किंवा बाळ निजत असेल तर अडचण होईल. आणि तुम्ही स्वतः कधी माइकसमोर वाचणार असाल, तेव्हा ओपन-बॅक लावू नका, कथेचा आवाज माइकमध्ये शिरतो. तिथे बंदच हवा.

दर 50 मिनिटांनी दहा मिनिटं हेडफोन काढून ठेवा. बाल्कनीत जा, पण त्या दहा मिनिटांत फोनवर कानाला काही लावू नका. परत येताना एक सवय लावून घ्या, हेडफोन घालण्याआधी आवाज दोन घरं खाली आणा आणि मग लागला तरच वाढवा. कान विसावलेला असतो, बहुतेक वेळा वाढवावा लागत नाही. दिवसाच्या शेवटी खूण सकाळपेक्षा वर गेलेली दिसली, तर त्या दिवशी काम थांबवा.

कानात सूं असा आवाज रात्रभर झोपूनही गेला नाही, एका कानाने कमी ऐकू येतंय असं वाटलं किंवा फोनवर समोरच्याचं बोलणं पुन्हा पुन्हा विचारावं लागलं, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन श्रवणचाचणी करून घ्या. आता काही त्रास नसला तरी एकदा केलेली बरी, पुढच्या वेळी तुलना करायला आपला पहिला आलेख हाताशी असतो. मी माझा दर दोन वर्षांनी काढतो.

या आठवड्यात हेडफोन मागवू नका. खोलीचे ते सहा आकडे आणि समोरच्या माणसाशी जुळवल्यावर काय वाटलं, तेवढं मला लिहून कळवा. सोबत चष्मा लावता का तेही लिहा. त्यावरून कुठला घ्यायचा ते नेमकं सांगतो.